काका, गाडी जरा पुढे घ्याल का?

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर एक पाटी हमखास दिसते: ‘फाटकासमोर वाहन लावू नये, हवा सोडली जाईल.’ ही पाटी रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसासाठी असते, त्यामुळे तिच्यातला खडूसपणा खपून जातो. पंचाईत होते ती गाडी फाटकाच्या आत उभी असते तेव्हा. तिचा मालक परका नसतो. त्याच्या घरून दिवाळीचा फराळ येतो, आपण घरी नसताना आपलं कुरिअर तो घेऊन ठेवतो, आणि त्याचीच गाडी सकाळी पावणेआठला आपल्या वाटेत आडवी असते. त्याला पाटी दाखवून भागत नाही. चिठ्ठी लिहावी लागते, आणि ती चांगली उतरायला थोडी पूर्वतयारी लागते.

ज्या घरांत हा प्रश्न नेहमी येतो त्यांची रचना साधारण एकसारखी असते. सहकारनगर, कोथरूड, कर्वेनगर अशा भागांतल्या जुन्या प्लॉटवर एका कुटुंबाचा बंगला होता. पुढे भावाभावांत वाटणी झाली. एकाला पुढचा भाग मिळाला, दुसऱ्याने मागे घर बांधलं. फाटक एकच राहिलं आणि बाजूची दहा फुटी मोकळी जागा दोघांचा येण्याजाण्याचा रस्ता झाली. वाटणी झाली तेव्हा त्या रस्त्यावरून एखादी स्कूटर आणि दूधवाल्याची सायकल जायची. आज पुढच्या घरात मालकांची मोटार, मुलाची मोटरसायकल आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या दोन स्कूटर आहेत. मागच्या घरातली मोटार यांच्या पाठीमागे. असाच मामला नाशिक-नागपूरच्या जोडबंगल्यांत आणि रो-हाउसमध्येही दिसतो. आपण हाच नमुना धरून चालू: मागच्या घरातलं जोडपं, पुढच्या घरातले काका-काकू, आणि मधला दहा फुटांचा पॅसेज.

चिठ्ठी लिहायला बसण्याआधी टेप घेऊन पॅसेज मोजावा. हे काम बहुतेक कोणी करत नाही. सगळे ‘नेहमी’ आणि ‘पूर्ण रस्ता अडवून’ अशा शब्दांत भांडतात, आणि समोरचा तितक्याच खात्रीने म्हणतो, ‘अहो, एवढी जागा तर सोडलीय!’ दोघेही आपापल्या परीने खरं बोलत असतात, कारण दहा फूट म्हणजे नेमके किती हे दोघांनी पाहिलेलं नसतं.

दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. पण भिंतीला विजेच्या मीटरची पेटी असते, गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप असतो. पेटी वीस सेंटिमीटर पुढे आलेली असेल तर तिथे उरतात २.८५ मीटर. समोरच्या भिंतीला स्कूटर सरळ लावून मेन स्टँडवर उभी केली तर हँडलची रुंदी आणि भिंतीपासूनचं अंतर धरून ती ऐंशी सेंटिमीटर जागा खाते. म्हणजे मीटरच्या पेटीपाशी मोटारीला दोन मीटर पाच सेंटिमीटर शिल्लक. मध्यम आकाराच्या हॅचबॅकचा सांगाडा पावणेदोन मीटरच्या आत असतो, पण दोन्ही बाजूचे आरसे उघडे धरले तर ती १.९ मीटरच्या पुढे जाते. दोन्हीकडे मिळून पंधरा सेंटिमीटरही राहत नाहीत. एवढ्यातून सकाळच्या घाईत गाडी रिव्हर्स काढणं म्हणजे रोज आरसा किंवा मडगार्ड पणाला लावणं. तीच स्कूटर पेटीपासून पाच-सहा फूट पुढे, मोकळ्या भिंतीच्या पट्ट्यात असती, तर आणखी वीस सेंटिमीटर मिळाले असते आणि सावकाश का होईना, गाडी निघाली असती. स्कूटर साइड स्टँडवर तिरकी असेल तर हा सगळा हिशोबच कोलमडतो. आणि आडवी लावली असेल, तर तिची लांबी जवळपास १.८ मीटर, मग मोटारीचा विषयच मिटला.

मोजल्यावर लक्षात येतं की पूर्ण पॅसेज अडत नाही, अडतात त्यातल्या दोन जागा. एक मीटरच्या पेटीपाशी, आणि दुसरी मागच्या टोकाला, जिथे मोटार घराच्या पोर्चकडे वळते. काटकोनात वळताना गाडीचं नाक बाहेर फिरतं, त्यामुळे सरळ पट्ट्यापेक्षा वळणावर जास्त रुंदी लागते. तिथे लावलेली एक मोटरसायकल सरळ पट्ट्यातल्या दोन स्कूटरपेक्षा जास्त त्रास देते. लावणाऱ्याला मात्र वाटतं, ‘मी तर अगदी कोपऱ्यात लावलीय.’

वेळेचंही तसंच. दिवसभर वाट मोकळी हवी असं मागच्या घराला वाटतं खरं, पण प्रत्यक्षात गाडी हलते ती सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान आणि संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान. मागणी एवढ्यावर आणता आली तर समोरच्याला ती मान्य करणं सोपं जातं. दोन जागा आणि दोन वेळा, चिठ्ठीचा गाभा एवढाच असावा.

मोजमापानंतर कागद. वाटणीपत्र किंवा खरेदीखत काढावं आणि त्यातल्या चतुःसीमा, सोबतचा नकाशा आणि रस्त्याचा उल्लेख वाचावा. प्रॉपर्टी कार्डाचा उताराही जवळ असावा. यातून एकच गोष्ट समजून घ्यायची असते: ही जागा दोघांच्या मालकीची आहे, की एकाच्या मालकीची असून दुसऱ्याला तिच्यावरून जाण्यायेण्याचा हक्क आहे. पहिल्या प्रकारात दोघांपैकी कोणीच ती अशी वापरू शकत नाही की दुसऱ्याला वापरताच येऊ नये. दुसऱ्या प्रकारात मालकाला आपल्या जागेचा वापर करता येतो, अगदी गाडीही लावता येते, पण दुसऱ्याच्या जाण्यायेण्याला बाध न आणता. आपण कोणत्या प्रकारात बसतो हे माहीत नसताना ‘तुमचा इथे गाडी लावायचा हक्कच नाही’ असं लिहिणारी माणसं पुढे तोंडघशी पडतात.

कायद्याचा उल्लेख चिठ्ठीत अजिबात नको, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोन-तीन गोष्टी असाव्यात. आपल्याकडे रस्त्याच्या वहिवाटीबद्दल १८८२ चा सुविधाधिकार कायदा लागू आहे. एखाद्या वाटेचा वापर २० वर्षं उघडपणे, शांततेने, अखंडपणे आणि हक्काने झाला असेल तर त्या वापराचा हक्क निर्माण होऊ शकतो, असं त्याचं कलम १५ सांगतं. यातला ‘हक्काने’ हा शब्द महत्त्वाचा. परवानगी घेऊन केलेला वापर यात धरला जात नाही. म्हणून रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर आपल्या चिठ्ठीत सौजन्यापोटीसुद्धा ‘आपण आम्हाला इथून जाऊ देता, त्याबद्दल आभारी आहोत’ असं वाक्य येऊ नये. ‘आपल्या वहिवाटीच्या रस्त्यावर’ एवढं म्हटलं की नम्रताही राहते आणि नुकसानही होत नाही. त्याच कलमात असंही आहे की कोणी वाट अडवली आणि आपल्याला ते कळूनही आपण वर्षभर मुकाट सोसलं, तरच तो वापरातला खंड धरला जातो. तेव्हा तारीख घातलेल्या साध्या, गोड चिठ्ठीलाही वजन आहे. आपण गप्प बसलो नव्हतो, एवढं ती सांगते. चिठ्ठी देण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्याचा गवगवा करायचं कारण नाही.

आणि हवा सोडण्याबद्दल. याच कायद्याचं कलम ३६ स्पष्ट सांगतं की ज्याचा हक्क आहे त्याने अडथळा स्वतःच्या हाताने दूर करायचा नाही. म्हणजे वाट आपली असली तरी काकांची गाडी ढकलणं, तिला साखळी घालणं किंवा तिच्या चाकातली हवा काढणं आपल्याला परवडणारं नाही. फिर्यादी व्हायच्या ऐवजी आपणच आरोपी होऊन बसू. वाहतूक पोलिसांना फोन करूनही फारसं हाती लागत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या रस्त्यात उभ्या केलेल्या वाहनांच्या तरतुदी सार्वजनिक जागेसाठी आहेत. फाटकाबाहेर, रस्त्यावर कोणी आडवी गाडी लावली तर ते येतील. खासगी पॅसेजमधल्या भांडणात ते सहसा पडत नाहीत.

आता चिठ्ठी. ती कोणाला द्यायची हा पहिला प्रश्न, कारण आपल्या नमुन्यात रोज आडवी येणारी स्कूटर भाडेकरूची आहे. तरीही चिठ्ठी मालकांनाच द्यावी. भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतो, नियम सांगणारा माणूस बदलत नाही. शिवाय भाडेकरूला परस्पर बोललं तर काकांना आपलं घर कोणीतरी दुसराच चालवतोय असं वाटतं, आणि मूळ प्रश्न बाजूला राहून मानापमान सुरू होतो. वायपरखाली खोचलेली चिठ्ठी पोलिसांच्या पावतीसारखी वाटते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली चिठ्ठी तर चारचौघांत काढलेला पाणउताराच. रविवारी सकाळी दहा-अकराच्या सुमारास हातात नेऊन द्यावी. आधी तोंडी सांगावं आणि निघताना ‘लक्षात राहावं म्हणून लिहून आणलंय’ म्हणून कागद पुढे करावा. बोलणं झालेलं असताना कागद कशाला, असं वाटेल. पण बोलणं काकांशी होतं, आणि काकांना ते मुलाला, काकूंना आणि वरच्या दोघांना सांगायचं असतं. तोंडातोंडी जाताना साडेसात ते साडेआठचं ‘सकाळी गाडी लावू नका’ होतं आणि तिथेच बिघडतं.

मजकूर साधारण असा असावा:

‘आदरणीय काका आणि काकू, सप्रेम नमस्कार.

आपल्या सामाईक रस्त्यात आता दोन्ही घरांच्या मिळून बऱ्याच गाड्या झाल्या आहेत, त्यात आमचीही आहे. मुलीची शाळा आणि आमचं ऑफिस यामुळे आमची गाडी सकाळी ७.३० ते ८.३० मध्ये बाहेर निघते आणि संध्याकाळी ६.३० ते ८ मध्ये आत येते. या वेळात कोणाला तरी खाली बोलावून गाडी काढायला सांगावं लागतं. त्यात तुमचाही त्रास आहे, वरच्या मुलांचाही.

काल रस्ता मोजून पाहिला. अडचण दोनच ठिकाणी येते: मीटरच्या पेटीसमोर, आणि मागच्या वळणावर. या दोन जागा कायम मोकळ्या राहिल्या तर बाकीच्या भिंतीलगत दोन स्कूटर आरामात राहतात. फक्त त्या भिंतीला समांतर, मेन स्टँडवर हव्यात. तुमची मोटार आणि मोटरसायकल या दोन वेळांत फाटकाजवळच्या तुमच्या पोर्चमध्ये राहिल्या तर आमचं काम होतं. एरवी सामान उतरवायला, पाहुणे आल्यावर थोडा वेळ गाडी मधे थांबली तर काहीच हरकत नाही. एक फोन केला की झालं.

आमची मागची एक जागा सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते संध्याकाळी ६ रिकामी असते. तुमच्याकडे कोणी आलं तर तेवढ्या वेळापुरती ती जरूर वापरा.

तुम्हाला पटत असेल तर दोन्ही जागांवर पिवळा रंग मारून घेते, खर्च आमचा. महिनाभर करून पाहू, मग बसून ठरवू. तुमच्या बाजूने काही अडचण असेल तर तीही सांगा.’

खाली सही, तारीख आणि फोन नंबर. एवढंच.

यात दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्या आहेत. एक म्हणजे ‘तेवढ्या वेळापुरती’. रिकामी जागा देऊ करणं हा या चिठ्ठीतला सगळ्यात उपयोगी भाग आहे, कारण एरवी ती नुसती मागणी वाटली असती. पण ही जागा आपली आहे आणि आपण ती सोय म्हणून देतो आहोत, हे मजकुरातूनच कळलं पाहिजे. वर ज्या ‘परवानगी’पासून आपण लांब राहिलो, ती इथे आपल्या बाजूने उपयोगी पडते. दुसरं म्हणजे महिनाभराची मुदत. कायमचं काही मान्य करायला मोठी माणसं बिचकतात. ‘करून पाहू’ला सहसा नाही म्हणत नाहीत.

पिवळ्या रंगाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पुष्कळ घरांत यापेक्षा हुशार योजना आखल्या जातात. आज तुम्ही, उद्या आम्ही. सम तारखेला डावीकडे, विषम तारखेला उजवीकडे. रस्त्यावर सम-विषम पार्किंगला दंडाचा धाक असतो, म्हणून ते कसंबसं चालतं. घरच्या पॅसेजमध्ये तिसऱ्या दिवशीच आज कोणती तारीख यावर वाद होतो. रंग मारलेल्या चौकोनाला तारीख विचारावी लागत नाही. रात्री उशिरा परतणाऱ्या भाडेकरूला, काकांच्या जावयाला, गॅसच्या सिलिंडरवाल्याला तो तितकाच कळतो. रंग ऑइलपेंटचा नको, पावसाळ्यात फरशीवर निसरडा होतो आणि लवकर सोलतो. रस्त्यावर पट्टे मारायचा रंग दुकानात मागितला तर मिळतो. मीटरच्या पेटीसमोर गाडीच्या लांबीएवढा, म्हणजे चारेक मीटरचा पट्टा पुरतो. वळणावर मात्र मोजून न मारता, मोटार प्रत्यक्ष आतबाहेर करून, तिचं नाक जिथपर्यंत जातं तिथे खडूने खूण करावी आणि मग रंगवावं. ही परीक्षा काकांच्या समोर झाली तर उत्तम. एकदा त्यांनी गाडी वळताना शेजारी उभं राहून पाहिली की पुढे पटवण्याची गरजच उरत नाही.

मग पहिला महिना. यात कुठे घसरतं तेही ठरलेलं असतं. स्कूटर भिंतीला समांतर उभ्या राहतात, पण रात्री हँडल लॉक केलेल्या असतात. लॉक करताना हँडल एका बाजूला वळतं, पुढचं चाक बाहेर येतं आणि ऐंशी सेंटिमीटरच्या हिशोबात ती बसत नाही. शिवाय लॉक केलेली स्कूटर थोडी सरकवायची म्हटली तरी सरळ ढकलता येत नाही. फाटकाला रात्री कुलूप असेल तर आतल्या गाड्यांचं हँडल सरळ ठेवून चालतं का, हे विचारून पाहावं. चोरीची भीती असेल तर हँडल भिंतीच्या बाजूला वळवून लॉक करायला सांगावं. नव्या मोटरसायकलींपैकी पुष्कळांना मेन स्टँडच नसतो. त्या साइड स्टँडवर रस्त्याच्या बाजूला झुकतात. त्यांचं तोंड फिरवून लावलं की झुकाव भिंतीकडे जातो.

दुसरी घसरण सणावाराला. गणपतीत काकांकडे नातेवाईक येतात, चार गाड्या एकदम आत शिरतात. त्या दिवशी पिवळा पट्टा दाखवायला जाऊ नये. त्याऐवजी आदल्या दिवशी आपली गाडी बाहेर रस्त्यावर लावून टाकावी आणि तसं काकांना सांगावं. त्याचा फायदा पुढच्या अकरा महिन्यांत दिसतो.

महिना नीट गेला तर ठरलेलं अर्ध्या पानावर लिहून दोन्ही घरांनी सह्या कराव्यात. त्यात एक ओळ काकांच्या हिताची आहे, ती सुचवावी: वरच्या मजल्याचा पुढचा लीव्ह अँड लायसन्स करार होईल तेव्हा भाडेकरूच्या दुचाकी कुठे लागणार हे त्यात लिहावं. हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतोच, तेव्हा त्यात एक वाक्य वाढवायला वेगळा खर्च नाही, आणि नव्या माणसाशी रोज घासाघीस करावी लागत नाही.

चिठ्ठीला उत्तर आलं नाही किंवा ‘बघू’ म्हणून विषय टळला, तर पंधरा दिवसांनी पुन्हा भेटावं आणि या वेळी दोघांच्याही जवळच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्यावं. वाटणीच्या वेळी हजर असलेला कोणी नातेवाईक असेल तर त्याहून बरं. रस्ता कसा ठरला होता हे त्याला ठाऊक असतं. त्यानंतरचा टप्पा वकिलाची नोटीस आणि दिवाणी न्यायालयातला मनाई हुकूम. काहींना वाटतं तहसीलदारांकडे अर्ज केला की रस्ता मोकळा होतो. तो मार्ग १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली शेतजमिनीच्या वाटांसाठी आहे. बंगल्याच्या पॅसेजला तो लागू पडत नाही.

एका ठिकाणी मात्र अर्ध्या पानावरच्या सह्या अपुऱ्या पडतात. दोघांपैकी एक घर विकलं गेलं किंवा बिल्डरकडे पुनर्विकासाला गेलं, तर नव्या मालकाला ही व्यवस्था पाळायचं बंधन नाही. कागदात रस्त्याचा उल्लेख मोघम असेल, तर संबंध चांगले असतानाच दोन्ही घरांनी मिळून रस्त्याची लांबी-रुंदी आणि दोघांचा वापर लिहिलेला दस्त करावा, सोबत मोजणीचा नकाशा जोडावा आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची नोंदणी करून घ्यावी. खर्च अर्धा-अर्धा. पिवळे पट्टे मारल्यावर काकांशी जमलेलं सूत असतं, तेव्हा हे काम सगळ्यात सहज होतं. फाटकावर ‘विकणे आहे’ची पाटी लागल्यानंतर नाही.